परिवीक्षा संपली, कायम केले नाही : पत्रातल्या एका वाक्यामुळे काय बदलते?

भांडारनोंद (धागाकर्ता)

नमस्कार. मी शासकीय अनुदानावर चालणाऱ्या एका स्वायत्त संशोधन संस्थेत भांडारपाल म्हणून १० जून २०२४ रोजी रुजू झालो. नेमणूकपत्रात परिवीक्षेचा कालावधी एक वर्षाचा होता आणि तो वाढवण्याचा अधिकार संस्थेने राखून ठेवला होता. माझी परिवीक्षा सहा महिन्यांनी वाढवली गेली, पण ते पत्र मला पहिले वर्ष संपून दहा दिवस झाल्यावर, म्हणजे २० जून २०२५ रोजी मिळाले. त्यानंतर ५ डिसेंबरला मला खालील पत्र देण्यात आले. संस्थेचे नाव आणि क्रमांक वगळून त्यातला मुख्य मजकूर जसाच्या तसा देत आहे.

«आपल्या परिवीक्षा कालावधीतील कामाचे मूल्यमापन समाधानकारक आढळून आलेले नाही. दिनांक १८ ऑगस्ट २०२५ रोजीचे ज्ञापन आणि त्या अनुषंगाने नेमण्यात आलेल्या तथ्यशोधन समितीचा दिनांक ३० ऑक्टोबर २०२५ रोजीचा अहवाल विचारात घेता आपणांस सेवेत कायम करणे उचित होणार नाही, असे सक्षम प्राधिकाऱ्यांचे मत झाले आहे. सबब आपली सेवा दिनांक ९ डिसेंबर २०२५ रोजी कार्यालयीन वेळेनंतर संपुष्टात येईल. नियमानुसार एक महिन्याचे वेतन आपल्या खात्यात जमा करण्यात येत आहे.»

ऑगस्टच्या ज्ञापनात असे म्हटले होते की रसायनांच्या खरेदीचा तुलनात्मक तक्ता तयार करताना मी एका पुरवठादाराचा दर मुद्दाम कमी दाखवला. मी लेखी उत्तर दिले. समितीने मला एकदा बोलावले, वीस-पंचवीस मिनिटे प्रश्न विचारले आणि नंतर काहीही कळवले नाही. अहवालाची प्रत मला मिळालेली नाही. मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. या पत्राला आव्हान देता येते का, आणि पुढे कुठे नोकरीसाठी अर्ज करताना हे पत्र दाखवावे लागले तर त्याचा अर्थ काय घेतला जाईल?

अनुभवी_वाचक

आव्हान नक्की देता येते. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३११ नुसार विभागीय चौकशी केल्याशिवाय कोणालाही सेवेतून काढता येत नाही. तुमच्यावर आरोप आहे, रीतसर चौकशी झालेली नाही, तेव्हा आदेश रद्द होणारच. शिवाय परिवीक्षेचे वर्ष ९ जूनला संपले आणि वाढीचे पत्र २० जूनला आले, म्हणजे मधल्या दहा दिवसांत तुम्ही आपोआप कायम झालात. कायम कर्मचाऱ्याला असे पत्र देताच येत नाही.

सरळरेघ

मी एका खासगी कंपनीच्या मनुष्यबळ विभागात काम करते आणि अशी पत्रे लिहिणे हा माझ्या कामाचाच भाग आहे. आमच्याकडे पत्रात कारण लिहीतच नाही. «नेमणूकपत्रातील अमुक कलमानुसार आपली परिवीक्षा अमुक तारखेस संपत असून आपणांस कायम करण्यात येत नाही» एवढेच लिहितो आणि खाली देय रकमेचा तपशील देतो. ज्ञापनाचा आणि समितीचा उल्लेख वाचून मला आश्चर्य वाटले, कारण आमच्या विधी सल्लागारांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलेली गोष्ट ही होती की या पत्राने दुसऱ्या कोणत्याही कागदाकडे बोट दाखवायचे नाही.

पावसाळीछत्री

माझाही असाच प्रश्न आहे. मी परिवीक्षेवर आहे आणि मला दुसरीकडे चांगली संधी मिळाली आहे. मला तीन महिन्यांची सूचना द्यावी लागेल की एक महिन्याची पुरेल?

भांडारनोंद

पावसाळीछत्री, तुमचा प्रश्न स्वतःहून सोडण्याचा आहे, माझ्या बाबतीत संस्थेने काढले आहे. तुमचे उत्तर बहुधा तुमच्या नेमणूकपत्रातच असेल.

जुनीनस्ती

मी तीस वर्षे आस्थापना शाखेत काढली आणि अशा पत्रांचे मसुदे लिहिले, तपासले आणि काही वेळा न्यायालयात ते सांभाळतानाही पाहिले. थोडे विस्ताराने लिहितो.

आधी अनुभवी_वाचक यांच्या दोन विधानांबद्दल. अनुच्छेद ३११ संघ आणि राज्य शासनाच्या नागरी पदांवरील व्यक्तींना लागू होतो, आणि स्वायत्त संस्थेचा कर्मचारी त्यात थेट बसत नाही. मात्र अशी संस्था अनुच्छेद १२ च्या अर्थाने «राज्य» ठरत असेल, तर समान वागणुकीची आणि नैसर्गिक न्यायाची बंधने तिच्यावर येतात आणि उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. म्हणजे निष्कर्ष बरोबर असू शकतो, त्याचा रस्ता वेगळा आहे. आपोआप कायम होण्याबद्दलचे विधान मात्र सरसकट चुकीचे आहे. मुदत संपली आणि आदेश आला नाही तर सर्वसाधारणपणे कर्मचारी परिवीक्षाधीन म्हणूनच पुढे राहतो. एक्सप्रेस न्यूजपेपर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ च्या सुमारासच हे सांगितले होते. अपवाद असा की नियमांतच परिवीक्षेची कमाल मर्यादा घालून दिलेली असेल, त्यापलीकडे ती वाढवायला मनाई असेल आणि तरीही कर्मचाऱ्याला ती मर्यादा ओलांडून कामावर ठेवले असेल, तर त्याला कायम झाल्याचे मानता येते. पंजाब राज्य विरुद्ध धरमसिंग या १९६८ च्या निकालात ते मानले गेले. पुढे २००१ मध्ये सत्यनारायण झवर यांच्या प्रकरणात न्यायालयाने नियमांचे तीन प्रकार वेगळे केले आणि स्पष्ट केले की कमाल मर्यादा असूनही कायम करण्यासाठी वेगळा आदेश किंवा परीक्षा आवश्यक असेल, तर केवळ मुदत उलटल्याने माणूस कायम होत नाही. तेव्हा भांडारनोंद, आपल्या संस्थेच्या सेवानियमांत कमाल मर्यादा किती आहे, ते आधी पाहा.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. परिवीक्षा म्हणजे पारखण्याचा काळ, त्यामुळे काम पसंत पडले नाही म्हणून कायम न करणे हा मालकाचा अधिकारच आहे आणि त्यासाठी चौकशी लागत नाही. परंतु एखाद्या गैरवर्तनाचा आरोप खरा मानून त्याची शिक्षा म्हणून माणसाला काढले आणि वरून «कायम करीत नाही» असे लेबल लावले, तर ती शिक्षाच राहते आणि शिक्षेसाठी आरोपपत्र, साक्षी, उलटतपासणी हे सगळे लागते. १९५७ साली पुरुषोत्तम लाल धिंग्रा यांच्या निकालापासून न्यायालये यासाठी दोन शब्द वापरत आली आहेत: हेतू आणि पाया. मालकाच्या मनात तक्रारी होत्या, त्यामुळे त्याने हा माणूस पुढे न ठेवण्याचे ठरवले, तर तक्रार हा केवळ हेतू झाला आणि आदेश टिकतो. पाठीमागे चौकशी करून, दोष ठरवून, त्या निष्कर्षावर आदेश उभा केला, तर तो आरोप आदेशाचा पाया झाला आणि आदेश कोसळतो. ही रेघ वाचायला सोपी वाटते, पण प्रत्येक नस्तीत ती वेगळ्याच जागी सापडते.

आपल्या पत्रात पहिले वाक्य निर्दोष आहे. «मूल्यमापन समाधानकारक नाही» या शब्दांनी कोणाच्या चारित्र्यावर डाग लागत नाही, हे अनेकदा ठरलेले आहे. सगळी अडचण दुसऱ्या वाक्यात आहे. त्याने ज्ञापन आणि समितीचा अहवाल पत्रात ओढून आणले. पत्र दिसायला साधे असले तरी ते ज्या कागदांचा उल्लेख करते त्यांत आरोप असतील, तर ते आरोप पत्रातच आहेत असे धरले जाते. १९८४ च्या इंद्रपाल गुप्ता यांच्या प्रकरणात परिवीक्षेवरील प्राचार्यांना दिलेल्या पत्राने व्यवस्थापन समितीच्या ठरावाचा उल्लेख केला होता आणि ठरावात आरोपांचा अहवाल होता. १९९९ मध्ये दीप्तिप्रकाश बॅनर्जी विरुद्ध सत्येंद्रनाथ बोस राष्ट्रीय मूलभूत विज्ञान केंद्र या प्रकरणात तर अगदी आपल्यासारखे झाले होते. सेवा संपवण्याच्या पत्राने जुन्या पत्रांचा हवाला दिला आणि त्या पत्रांत गैरवर्तनाचे आरोप होते. न्यायालयाचे म्हणणे असे की उद्या नवा मालक हे पत्र पाहील, त्यात उल्लेख केलेले कागद मागेल आणि डाग तिथे दिसेल, म्हणून आदेश कलंक लावणारा आहे.

आपला दुसरा प्रश्न, पुढच्या नोकरीचा, आणि पहिला प्रश्न, आव्हानाचा, हे दोन्ही या एकाच वाक्याशी येऊन मिळतात.

सरळरेघ

फार उपयोगी. म्हणजे आमच्या सल्लागारांची ती सूचना या निकालांतूनच आली असावी. पण मग एक विचारते. कारण अजिबात न लिहिणारे पत्र कायम सुरक्षित असते का? आमच्याकडे तसाच समज आहे.

जुनीनस्ती

तो समज अर्धाच खरा आहे. १९७४ च्या शमशेरसिंग यांच्या प्रकरणात सात न्यायाधीशांच्या पीठाने आदेशाच्या रूपापेक्षा त्याच्या आशयाकडे पाहिले. १९८४ मध्ये अनूप जयस्वाल या परिवीक्षाधीन पोलीस अधिकाऱ्यांच्या प्रकरणातही आदेशात एक वावगा शब्द नव्हता, तरीही न्यायालयाने पडदा उचलून पाहिले. आदेश एका घटनेबद्दल ठरवलेल्या दोषावर उभा असल्याचे दिसले, तेव्हा तो रद्द झाला. पत्र कोरे असणे ही चांगली सुरुवात आहे, पण नस्तीवर काय लिहिले आहे ते पत्राच्या कोरेपणाने पुसले जात नाही.

खासगी कंपनीत मात्र आणखी एक फरक आहे. तिथे अनुच्छेद १२ येत नाही. माणूस कामगार या व्याख्येत बसत असेल तर कामगार कायद्यांखालचे दरवाजे उघडतात, आणि व्यवस्थापक वर्गातला असेल तर बहुतेक वेळा प्रश्न कराराचा आणि नुकसानभरपाईचा राहतो. न्यायालय सहसा अशा मालकाला त्या माणसाला परत कामावर घ्यायला भाग पाडत नाही. म्हणून वरचे निकाल वाचून आपल्या कंपनीतले व्यवस्थापक उद्याच पुनर्स्थापना मागू लागतील अशी भीती बाळगू नका.

दुपारचीशाळा

मी अनुदानित खासगी माध्यमिक शाळेत शिक्षिका होते आणि परिवीक्षेच्या दुसऱ्या वर्षी मला «काम समाधानकारक नाही» असे पत्र आणि एक महिन्याची सूचना मिळाली. माझ्याबद्दल कोणतीही तक्रार नव्हती, मुख्याध्यापकांनी वर्गात येऊन एकदाही पाठ पाहिला नव्हता. वरच्या चर्चेप्रमाणे त्या शब्दांत कलंक नाही, म्हणजे माझ्या हातात काहीच नाही असे समजायचे का? हे विचारताना मला अजूनही राग येतो, म्हणून भाषा कडक झाली तर क्षमा करा.

जुनीनस्ती

आपले प्रकरण वेगळ्या घरातले आहे आणि ते कलंकाच्या प्रश्नावर उभे नाही. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा स्वतंत्र अधिनियम आहे. त्याच्या कलम ५ मध्ये परिवीक्षा आहे, आणि काम किंवा वागणूक समाधानकारक नसल्यास एक महिन्याची सूचना किंवा तेवढे वेतन देऊन सेवा संपवता येते असे तेच कलम सांगते. पण १९८१ च्या नियमावलीत परिवीक्षाधीन कर्मचाऱ्याच्या कामाचे मुख्याध्यापकांनी वस्तुनिष्ठ मूल्यमापन करायचे आणि त्याची नोंद ठेवायची, असेही आहे. «समाधानकारक नाही» या शब्दांमागे अशी नोंद नसेल, तर प्रश्न तिथून सुरू होतो. शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करण्याची मुदत तीस दिवसांची आहे. आपले पत्र कधीचे आहे?

दुपारचीशाळा

चौदा महिन्यांपूर्वीचे. मला मुदतीबद्दल कोणी सांगितले नव्हते.

जुनीनस्ती

विलंब माफ करण्याचा अर्ज करता येतो, पण चौदा महिन्यांचे कारण पटण्यासारखे द्यावे लागेल. शाळा न्यायाधिकरणापुढे नेहमी काम करणाऱ्या वकिलांना आता लगेच भेटा, येथे उत्तराची वाट पाहू नका.

कायदाकट्टा

मी वकिली करतो, मात्र सेवाविषयक प्रकरणे माझ्याकडे कमी येतात. जुनीनस्ती यांनी मांडलेला भाग बरोबर आहे, पण चित्राची दुसरी बाजूही समोर यावी. पवनेंद्र नारायण वर्मा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन गोष्टी एकत्र असतील तरच आदेश शिक्षेच्या स्वरूपाचा मानायचा असे सांगितले: संपूर्ण औपचारिक चौकशी झालेली असणे, ती नैतिक अधःपतन किंवा गैरवर्तनाच्या आरोपाबद्दल असणे, आणि तिच्यात दोष सिद्ध झाल्याचा निष्कर्ष निघालेला असणे. तिन्हींपैकी एक जरी नसली तरी आदेश टिकतो. त्याच निकालात असेही म्हटले आहे की कायम न करण्याचा कोणताही आदेश कोणालाच आवडत नाही आणि त्या अर्थाने प्रत्येक आदेशात थोडा डाग असतोच. म्हणून केवळ त्या कामासाठी अयोग्य ठरवण्यापेक्षा अधिक काही त्यातून सूचित झाले पाहिजे.

आता धागाकर्त्यांच्या बाबतीत «तथ्यशोधन समिती» होती. आरोपपत्र नव्हते, उलटतपासणी नव्हती. संस्थेचे वकील नेमके हेच म्हणतील की ही औपचारिक चौकशी नव्हतीच, कायम करावे की नाही हे ठरवण्यासाठी घेतलेली ती माहिती होती. आणि हा युक्तिवाद कमजोर नाही.

अनुभवी_वाचक

म्हणजे चौकशी नीट केली नाही याचाच फायदा संस्थेला मिळणार? हे उलटेच झाले.

कायदाकट्टा

ऐकायला तसे वाटते खरे. पण त्यामागचा विचार असा आहे की मालकाला प्राथमिक माहिती घेण्याचीच भीती वाटू लागली, तर तो काहीही न पाहता काढील, आणि ते कर्मचाऱ्याच्या हिताचे नाही.

जुनीनस्ती

कायदाकट्टा यांच्याशी मी सहमत आहे, एक गोष्ट सोडून. समितीला कोणते नाव दिले यापेक्षा अहवालात शेवटी काय लिहिले आहे, ते महत्त्वाचे आहे. «अधिक तपासणीची आवश्यकता दिसते» किंवा «खरेदीच्या कामाची समज कमी आढळली» असे असेल तर संस्थेचे पारडे जड आहे. «दर मुद्दाम बदलल्याचे सिद्ध होते» असे असेल तर समितीने दोष ठरवला आहे आणि तोही कर्मचाऱ्याच्या पाठीमागे. म्हणून भांडारनोंद, माहितीच्या अधिकाराखाली तीन गोष्टी मागा: समितीचा पूर्ण अहवाल, आपल्या परिवीक्षेची सहामाही मूल्यमापने आणि कायम करण्याच्या प्रस्तावाच्या नस्तीतील टिपणीची पाने. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. टिपणीची पाने मागायला लोक विसरतात आणि खरी गोष्ट बहुतेक वेळा तिथेच असते.

रिट याचिकेला ठरावीक मुदत नसली तरी विनाकारण उशीर झाला तर न्यायालय त्याच कारणाने दार लावू शकते, म्हणून माहितीच्या उत्तरासाठी थांबलात तरी त्याचा लेखी पुरावा ठेवा.

भांडारनोंद

खात्यात जमा झालेले एक महिन्याचे वेतन मी स्वीकारले तर मी आदेश मान्य केला असे होईल का? अजून त्याला हात लावलेला नाही. सेवानियमांत कमाल मर्यादा एकूण दोन वर्षांची आहे आणि «लेखी आदेशाशिवाय कोणासही कायम समजले जाणार नाही» असेही वाक्य आहे.

जुनीनस्ती

मग आपोआप कायम होण्याचा मुद्दा आपल्यासाठी नाही. दोन वर्षे पूर्णही झाली नव्हती. वेतन घ्या, फक्त «आदेशाविरुद्ध दाद मागण्याचा माझा हक्क राखून ही रक्कम स्वीकारत आहे» असे एक पत्र पोच घेऊन द्या.

सरळरेघ

मालकाच्या बाजूने एक अडचण मांडते. पत्रात कारण लिहिले तर कलंक, न लिहिले तर मनमानी. आमच्या विभागप्रमुखांना नेहमी वाटते की माणसाला निदान दोन ओळींत तरी का ते सांगावे. त्यांचा हेतू वाईट नसतो. त्यांना काय सांगायचे?

जुनीनस्ती

त्यांना सांगा की कारण सांगण्याची जागा शेवटचे पत्र नाही, ती परिवीक्षेच्या मधल्या महिन्यांत असते. डॉ. सुमती शेरे यांच्या १९८९ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हाच आग्रह धरला की उणिवा वेळेवर कळवल्या पाहिजेत, म्हणजे सुधारायला संधी मिळते. तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात लेखी मूल्यमापन दिले, त्यात «साठ्याची मासिक पडताळणी दोन वेळा उशिरा झाली» असे ठोस लिहिले आणि कर्मचाऱ्याची सही घेतली, तर शेवटच्या पत्रात लिहायला फारसे उरतच नाही.

आपले विभागप्रमुख नेमक्या कोणत्या विशेषणांवर अडतात तेही पाहा. २००० सालच्या व्ही. पी. आहुजा यांच्या प्रकरणात आदेशाने म्हटले होते की ते प्रशासकीय आणि तांत्रिक दृष्ट्या कर्तव्य पार पाडण्यात अपयशी ठरले. एवढ्याच शब्दांना न्यायालयाने कलंक मानले. उलट «काम आणि वागणूक समाधानकारक नाही» हे शब्द पवनेंद्र वर्मा यांच्या निकालात चालले. प्रामाणिकपणे सांगायचे तर या दोन वाक्यांमधले अंतर मला अजूनही नीट पटवून देता येत नाही.

कायदाकट्टा

मलाही नाही. आणि गंमत अशी की बोस केंद्राचेच दुसरे प्रकरण, अभिजित गुप्ता यांचे, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आले तेव्हा कर्मचारी हरले. तिथला मजकूर कामगिरी अपेक्षेप्रमाणे नसल्याचा होता, गैरवर्तनाचा नव्हता. एकाच संस्थेची दोन पत्रे, दोन निकाल. मसुदा लिहिणाऱ्याने हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचावेत.

सरळरेघ

मग धागाकर्त्यांच्या संस्थेने हे पत्र कसे लिहायला हवे होते? अभ्यास म्हणून विचारते.

जुनीनस्ती

संस्थेपुढे दोन रस्ते होते आणि तिने दोन्हींवर एकेक पाय ठेवला, हीच तिची चूक. खरेदीत गडबड झाली असे तिला खरोखर वाटत असेल, तर परिवीक्षा चालू असतानाच आरोपपत्र देऊन चौकशी करता आली असती. सेवानियमांनी परवानगी दिलेल्या कालावधीत, म्हणजे जून २०२६ पर्यंत, परिवीक्षा आणखी वाढवायलाही जागा होती. चौकशी नको असेल आणि कामच पसंत नसेल, तर पत्र एवढेच हवे होते:

«आपल्या नेमणूकपत्रातील परिवीक्षेसंबंधीच्या अटीनुसार आपली वाढवलेली परिवीक्षा दिनांक ९ डिसेंबर २०२५ रोजी संपत आहे. परिवीक्षा कालावधीतील आपल्या कामाचे एकंदर मूल्यमापन विचारात घेऊन आपणांस या पदावर कायम न करण्याचा निर्णय घेण्यात आला आहे. त्यानुसार आपली सेवा त्या दिवशी संपुष्टात येईल.»

पुढे वेतनाचा आणि साहित्य परत करण्याचा परिच्छेद. मात्र हे पत्र तेव्हाच टिकते, जेव्हा नस्तीत खरोखर मूल्यमापने असतात. नस्तीत फक्त रसायनांच्या दराचा अहवाल असेल आणि पत्रात मात्र «एकंदर मूल्यमापन» असेल, तर तो अनूप जयस्वाल यांच्या प्रकरणाचाच रस्ता आहे.

अनुभवी_वाचक

समजा आदेश रद्द झाला, तर धागाकर्ते कायम होतील ना?

कायदाकट्टा

आपोआप नाही. रद्द झाला तर ते बहुधा परिवीक्षाधीन म्हणूनच परत येतील आणि संस्थेला कायद्याप्रमाणे पुन्हा निर्णय घ्यायची किंवा चौकशी करायची मुभा राहील. मागच्या वेतनाचे काय, हे प्रत्येक प्रकरणात न्यायालय वेगळे ठरवते. ही गोष्ट वकिलांनी आधीच सांगायला हवी, कारण जिंकलेला माणूस अनेकदा इथेच निराश होतो.

भांडारनोंद

सुमारे पाच आठवड्यांनी परत लिहीत आहे. माहिती अधिकारात कागद मिळाले. मूल्यमापनाचा एकच अर्ज नस्तीत आहे, पहिल्या सहा महिन्यांचा, आणि त्यात माझे काम «चांगले» असे नोंदवलेले आहे. समितीच्या अहवालातील शेवटचा परिच्छेद असा आहे: «तुलनात्मक तक्त्यातील दर जाणीवपूर्वक बदलल्याचे समितीच्या निदर्शनास आले असून संबंधित कर्मचारी दोषी आहे.»

पण टिपणीच्या पानांनी मी गोंधळलो आहे. प्रमुखांनी २७ ऑक्टोबरला, म्हणजे अहवालाच्या तीन दिवस आधी, लिहिले आहे: «भांडारातील नोंदी अद्ययावत नसतात. कायम करू नये.» त्याखाली प्रशासन अधिकाऱ्यांनी ३ नोव्हेंबरला लिहिले आहे: «समितीचा अहवाल प्राप्त. अहवालातील निष्कर्षांच्या आधारे प्रस्ताव सादर.» त्यावर प्रमुखांची सही आणि «मान्य».

कायदाकट्टा

संस्था २७ ऑक्टोबरच्या ओळीवर उभी राहील. निर्णय अहवालाच्या आधीच आणि केवळ कामाच्या कारणाने झाला होता, अहवाल नंतर आला, म्हणून तो पाया होऊच शकत नाही, असे ती म्हणेल.

जुनीनस्ती

आणि आपले वकील म्हणतील की «मान्य» हा शब्द ३ नोव्हेंबरच्या टिपणीखाली आहे, २७ ऑक्टोबरची ओळ हे मत होते आणि सक्षम प्राधिकाऱ्यांचा निर्णय «निष्कर्षांच्या आधारे» झाला. शिवाय ५ डिसेंबरचे पत्र स्वतःच अहवालाचा हवाला देते. नोंदी अद्ययावत नसल्याबद्दल आपल्याला कधी लेखी कळवले होते का?

भांडारनोंद

नाही. एकदा तोंडी बोलले होते, साठ्याच्या नोंदवहीची दोन पाने राहिली होती तेव्हा. दुसऱ्याच दिवशी मी ती पूर्ण केली.

कायदाकट्टा

ते प्रतिज्ञापत्रात लिहा, पण अतिशयोक्ती न करता. दोन पाने राहिली होती हेही लिहा. समोरची बाजू ती नोंदवही हजर करीलच.

भांडारनोंद

याचिका दाखल केली आहे. वकिलांनी मुख्य भर पत्राच्या दुसऱ्या वाक्यावर आणि अहवालातील «दोषी» या शब्दावर ठेवला आहे. २७ ऑक्टोबरच्या टिपणीबद्दल त्यांचेही दोन विचार चालू आहेत, ती आपणहून जोडायची की संस्थेने आणल्यावर उत्तर द्यायचे.

जुनीनस्ती

मी जोडली असती. पण हे वकिलांच्या अखत्यारीतले आहे आणि कायदाकट्टा यांचे मत कदाचित वेगळे असेल.

कायदाकट्टा

वेगळेच आहे.